फोडणी करपली, आणि मला कळलंच नाही



आज जरा वेगळं लिहिणार आहे. एरवी मी इथे रुग्णांचे अनुभव सांगते. आजचा अनुभव माझा स्वतःचा आहे, आणि त्याच्या आधी घडलेला एक प्रसंग आहे, जो आठवला की मला अजूनही थोडं ओशाळल्यासारखं होतं.

काही वर्षांपूर्वी माझ्या दवाखान्यात एक मावशी आल्या होत्या. आमच्या कोल्हापुरात त्या घरगुती खानावळ चालवतात. चाळीसेक डबे आणि दुपारी जेवायला येणारी माणसं. म्हणाल्या, "डॉक्टर मॅडम, सर्दी जाऊन तीन आठवडे झाले, पण तोंडाला चवच नाही. रस्सा कसा झालाय ते मलाच कळत नाही. गिऱ्हाईक म्हणतंय मीठ जास्त, मसाला कच्चा." मी घसा बघितला, नाक बाहेरून बघितलं, सर्दीच्या गोळ्या लिहून दिल्या आणि सांगितलं, "येईल हो आठवड्याभरात, काळजी करू नका." त्या गेल्या. पुन्हा त्या तक्रारीसाठी आल्या नाहीत. मी समजले, बऱ्या झाल्या असतील.

त्यानंतर दोन वर्षांनी श्रावणात मला सर्दी झाली. साधीच सर्दी. दोन दिवस कणकण, पाच दिवस नाक चोंदलेलं. आठव्या दिवशी नाक एकदम मोकळं झालं, बरं वाटलं. दहाव्या दिवशी सकाळी मी आमटीला फोडणी टाकत होते, तेवढ्यात फोन आला. बोलत उभी होते गॅसपासून चार हातांवर. मुलगी आतल्या खोलीतून धावत आली, "आई, काय करतेस? घरभर धूर झालाय!" कढईतला लसूण काळा ठिक्कर पडला होता. मला डोळ्यांनी धूर दिसला, डोळे चुरचुरलेही. वास मात्र शून्य.

त्या क्षणी मला मावशी आठवल्या.

चव गेली की वास?

"तोंडाची चव गेली" असं म्हणणाऱ्या दहा जणांपैकी बहुतेकांची चव गेलेली नसते, वास गेलेला असतो. जिभेला खरं तर मोजक्याच गोष्टी कळतात: गोड, आंबट, खारट, कडू आणि मांसाच्या किंवा टोमॅटोच्या रसात असतो तो रुचकरपणा, ज्याला उमामी म्हणतात. बाकी सगळं, म्हणजे हापूस आणि पायरीतला फरक, कोथिंबीर, खोबरं, भाजलेल्या मसाल्याचा खमंगपणा, हे नाकाचं काम आहे. घास चावताना त्यातला गंध घशाच्या मागच्या बाजूने वर नाकात चढतो आणि मेंदू वास व चव एकत्र करून "रस्सा" असं एकच चित्र तयार करतो. म्हणून वास गेला की माणूस म्हणतो, चव गेली.

याची खात्री घरी करता येते. चिमूटभर बडीशेप आणि थोडी साखर घ्या. नाक चिमटीत घट्ट दाबून चावा. फक्त गोड लागेल. आता चावता चावता नाक सोडा. ज्याचा वास शाबूत आहे त्याला एकदम बडीशेपेचा स्वाद येतो. मी हे करून पाहिलं. नाक दाबलेलं असताना गोड, सोडल्यावरही फक्त गोड. म्हणजे माझी जीभ ठीक होती, नाक संपावर होतं.

इथे एक फसगत होते. पुष्कळ जण नाकाला लावायचा बाम हुंगून बघतात आणि म्हणतात, "येतोय की वास!" बाम, निलगिरी, पुदिना, अमोनिया यांचा झणका किंवा गारवा वेगळ्या नसेतून कळतो. ती चेहऱ्याची संवेदना वाहून नेणारी नस आहे, वासाची नव्हे. मिरचीचा तिखटपणा, कांदा चिरताना डोळ्यांत येणारं पाणी, हेही तिचंच काम. त्यामुळे बामाने नाक थंड झालं म्हणजे वास आला, असं धरू नका. परीक्षा घ्यायची तर लवंग, लिंबाची साल, कॉफी पावडर, साबण यांनी घ्या.

नाक उघडलं, तरी वास का नाही?

सर्दीत वास दोन प्रकारे जातो. पहिला प्रकार सगळ्यांना माहीत आहे: नाक सुजतं, शेंबूड भरतो, हवा वरपर्यंत पोहोचतच नाही. हा रस्ता बंद होण्याचा प्रकार. सूज उतरली की आठवड्या-दोन आठवड्यांत वास परत येतो.

दुसरा प्रकार माझा आणि मावशींचा. नाकाच्या अगदी वरच्या कोपऱ्यात, दोन्ही डोळ्यांच्या मधोमध, पातळ त्वचेचा एक छोटा पट्टा असतो. त्यात वास ओळखणाऱ्या चेतापेशी असतात आणि त्यांना आधार देणाऱ्या पेशीही. चेतापेशींचे बारीक धागे कवटीच्या चाळणीसारख्या हाडातून वर मेंदूच्या खालच्या भागात जातात. सर्दीचा विषाणू कधी कधी या पट्ट्यालाच इजा करतो. मग रस्ता मोकळा असतो, पण पाहुण्याला दार उघडायला घरात कोणी नसतं. करोनाच्या काळात अनेकांचं नाक अजिबात न चोंदता वास गेला, तो याच प्रकारचा. तिथे विषाणूने मुख्यतः आधार देणाऱ्या पेशींना गाठलं आणि त्यांच्यासोबत चेतापेशींचं काम बिघडलं.

चांगली बातमी अशी की या चेतापेशी शरीरातल्या मोजक्या अशा चेतापेशींपैकी आहेत ज्या मोठ्या वयातही नव्याने तयार होतात. पट्ट्याच्या तळाशी त्यांचं बियाणं असतं. नवी पेशी उगवते, तिचा धागा चाळणीतून वर जातो आणि योग्य जागी जोडला जावा लागतो. आपल्याकडे वास पकडणारे सुमारे 400 प्रकारचे ग्राहक आहेत. प्रत्येक प्रकाराच्या पेशींचे धागे मेंदूतल्या ठरावीक ठिकाणी पोहोचतात. त्यामुळे पेशी उगवली तरी जोडणी बसायला वेळ लागतो, आणि मध्ये ती चुकतेही. पुढे जे विचित्र प्रकार झाले त्याचं कारण हेच.

किती दिवस थांबायचं?

वास गेलेल्या बहुतेकांना पहिल्या काही आठवड्यांत फरक पडतो. दोन-तीन आठवड्यांनंतर, नाक मोकळं असूनही वास नसेल, तर "उद्या येईल" या हिशेबाने चालू नये. मग हिशेब महिन्यांचा असतो. सुधारणा होते, पण हळूहळू, आणि ती वर्ष-दोन वर्षंही चालू राहू शकते. वय कमी असेल आणि थोडाफार वास शिल्लक असेल तर शक्यता चांगली. काहींचा वास पूर्वीसारखा पूर्ण परत येत नाही, हेही खरं आहे. मावशींना मी "आठवड्याभरात" म्हणाले तेव्हा त्यांचा तिसरा आठवडा संपला होता. चूक तिथेच झाली.

चौथ्या आठवड्यात मी कान-नाक-घसा तज्ज्ञ मित्राकडे गेले. त्याने दुर्बिणीने नाकात वरपर्यंत पाहिलं: मांसाची वाढ नाही, पू नाही, रस्ता स्वच्छ. म्हणाला, "सूज नाही, त्यामुळे गोळ्यांनी जादू होणार नाही. वासाचा सराव सुरू कर. आजच."

चार डब्यांचा सराव

हा सराव जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 मध्ये मांडला. चार वास, दिवसातून दोनदा, 12 आठवडे. गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी. फुलाचा, फळाचा, मसाल्याचा आणि झाडाच्या राळेचा असे चार वेगळ्या घराण्यांतले वास निवडलेत, म्हणजे वेगवेगळ्या ग्राहकांना काम मिळतं. सराव केलेल्यांपैकी साधारण 10 पैकी 3 जणांना मोजता येण्याइतका फायदा झाला, न केलेल्यांमध्ये तो फार थोड्यांना झाला. म्हणजे हा रामबाण नाही. पण खर्च जवळपास नाही आणि योग्य पद्धतीने केला तर अपाय नाही. नंतरच्या अभ्यासांत दिसलं की सराव जितका जास्त महिने चालवला आणि जितका लवकर सुरू केला, तितका बरा.

मी केलं ते असं. रुंद तोंडाच्या, घट्ट झाकणाच्या चार लहान काचेच्या बाटल्या घेतल्या. तळाशी कापूस. एकात गुलाबाचं अत्तर, एकात निलगिरी तेल, एकात लवंग तेल, एकात लिंबाचं सुगंधी तेल, प्रत्येकी आठ-दहा थेंब. तेल मिळत नसेल तर जाडसर कुटलेल्या लवंगा आणि ताज्या लिंबाची किसलेली साल चालते, पण साल दर दोन-तीन दिवसांनी बदलावी लागते. गुलाबजलाचा वास फार फिका असतो, त्याऐवजी अत्तर घ्या. तेलाच्या बाटल्याही दोन-तीन महिन्यांनी नव्याने भरा. वास उडून जातो आणि आपण समजतो की नाकच बिघडलंय. घरातल्या दुसऱ्या कोणालातरी अधूनमधून हुंगायला सांगा.

सकाळी चहाच्या आधी आणि रात्री झोपण्याच्या आधी, खुर्चीत बसून, टीव्ही बंद. बाटलीवरचं नाव वाचायचं, "लवंग". झाकण काढून नाकाखाली दोन बोटांवर धरायची आणि 15 ते 20 सेकंद हळू, छोटे छोटे हुंगायचे. जोरात खोल श्वास ओढायचा नाही. त्या वेळी लवंग आठवायची: दातदुखीत आजी ठेवायची ती, मसालेभातातली ती. मग अर्धा मिनिट थांबून पुढची बाटली. सगळं मिळून पाच मिनिटं. शेवटी वहीत प्रत्येक वासापुढे 0 ते 5 पैकी आकडा.

हे आठवणं म्हणजे उगाच केलेलं नाटक नाही. वास ओळखायला नाक आणि मेंदू दोन्ही लागतात, आणि नव्या जोडण्या वापरात राहिल्या तर बसतात. म्हणून मोबाईल बघत बाटली नाकाशी धरण्याचा उपयोग कमी.

काही सूचना. तेल नाकात, ओठांना किंवा कातडीला लावायचं नाही, वाफेच्या पाण्यात टाकायचं नाही. निलगिरी तेल लहान मुलांच्या पोटात गेलं तर विषबाधा होते, बाटल्या कपाटात वर ठेवा. मिरपूड, मसाल्याची बारीक पूड हुंगू नका. तुम्हाला दमा असेल आणि एखाद्या वासाने खोकला येत असेल, तर तो बदला.

माझी वही

पहिले तीन आठवडे माझ्या वहीत नुसते शून्य आहेत. निलगिरीपुढे मी उत्साहाने 2 लिहिलं होतं, नंतर लक्षात आलं की तो गारवा आहे, वास नाही. खोडून 0 केलं. याच टप्प्यावर बहुतेक लोक सोडून देतात. काही येत नसतानाच करायचा हा व्यायाम आहे, हे मी स्वतःला रोज बजावत होते.

सर्दीनंतरच्या सातव्या आठवड्यात लवंगेच्या बाटलीत "काहीतरी" आलं. लवंग म्हणून नाही, पण शून्यही नाही. 1 लिहिलं. मग लिंबूही थोडं.

अकराव्या आठवड्यात एक सकाळी कॉफी उघडली आणि मळमळलं. जळकं रबर आणि सडकं काहीतरी यांचा मिश्र वास. त्याच दिवशी परतलेला कांदा, लसूण, अंडं, टूथपेस्ट, सगळ्यांना तोच घाणेरडा वास. मला वाटलं सिलेंडर गळतोय, सगळं घर तपासलं. घरच्यांना काहीच वेगळं येत नव्हतं. याला पॅरोस्मिया म्हणतात, म्हणजे वास विकृत होणं. सर्दीनंतर साधारण दोन-तीन महिन्यांनी तो सुरू होतो. काही पेशी उगवल्यात, काही नाहीत. मेंदूला कॉफीचा अर्धाच निरोप मिळतो आणि नेमके तीव्र, भाजके घटक तेवढे पोहोचतात. पुष्कळांना वाटतं आपण बिघडत चाललोय. बहुतेक वेळा हे पेशी परत येत असल्याचं लक्षण असतं.

हे महिने सर्वांत कठीण. मी भाजके, परतलेले पदार्थ बंद केले. गरम अन्नाचा वास जास्त उठतो म्हणून जेवण कोमट किंवा थंड घेतलं. दहीभात, काकडी, केळं, पनीर, साधं वरण चालायचं. कांदा-लसूण नसलेला स्वयंपाक. टूथपेस्ट बदलली. तरीही दोन महिन्यांत तीन किलो वजन उतरलं. तुमच्या घरात कोणाला असं होत असेल, तर "नाटकं करतोय" म्हणू नका. त्या माणसाला खरोखर सडका वास येत असतो.

12 आठवडे पूर्ण झाल्यावर मी चार नवे वास घेतले: मोगरा, संत्र्याची साल, पुदिना आणि ओवा. परदेशातल्या अभ्यासांत बदललेल्या वासांमध्ये थाइम नावाची वनस्पती वापरतात. तिच्यात जो मुख्य सुगंधी घटक असतो, थायमॉल, तोच आपल्या ओव्यात भरपूर असतो. म्हणून ओवा, किंचित चुरडून.

सहाव्या महिन्यात कांदा सहन होऊ लागला. नवव्या महिन्यात वहीत मोगऱ्यापुढे 4 आहे. आज वर्ष होऊन गेलंय. कॉफी अजून पूर्वीची नाही, गोडसर धुरकट लागते. मी चहावर आले आहे.

औषधं, आणि काय टाळावं

नाकात सूज किंवा ॲलर्जी असेल तर स्टिरॉइडचा फवारा उपयोगी, तो डॉक्टर ठरवतील. विषाणूने पेशींना इजा झाली असेल तर स्टिरॉइडच्या गोळ्यांचा फायदा सिद्ध झालेला नाही, आणि मधुमेह, रक्तदाब असणाऱ्यांना त्रास मात्र होतो. दुकानातून मनाने घेऊ नका. झिंकच्या गोळ्यांचा उपयोग रक्तात झिंक कमी असेल तरच. नाकात घालायचं झिंक तर अजिबात नको, त्याने वास कायमचा गेल्याची उदाहरणं आहेत. मोहरीचं तेल, लसणाचा रस, कापराची पूड नाकात घालू नका. जखमी पट्ट्याला आणखी जखम होते.

पुढील गोष्टी असतील तर सराव करत बसू नका, तज्ज्ञांना दाखवा: सर्दी न होताच वास गेला, एकाच नाकपुडीतून रक्त किंवा पाण्यासारखं स्वच्छ पाणी येतं, एकच बाजू सतत बंद, डोक्याला मार लागल्यावर वास गेला, सतत डोकेदुखी, दृष्टीत बदल, मध्येच काही क्षण नसलेला वास येऊन भान हरपतं. वयस्कर माणसाचा वास सर्दीशिवाय हळूहळू जात असेल आणि सोबत हाताला कंप किंवा विसराळूपणा असेल तर तेही सांगा. आणि बडीशेपेच्या चाचणीत साखर गोडच लागली नाही, तर प्रश्न जिभेचा आहे. त्याची तपासणी वेगळी.

वास नसताना घर

स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम घाणेरड्या वासाचं रसायन मिसळलेलं असतं. आपलं नाक बंद असेल तर ती सोयच गेली. मी गॅस डिटेक्टर बसवला. एलपीजी हवेपेक्षा जड असल्यामुळे तो जमिनीच्या जवळ लावायचा, छताला नाही. रात्री रेग्युलेटर बंद करणं मुलीकडे सोपवलं. दूध, शिळी भाजी यांच्या डब्यांवर तारखेची चिठ्ठी. मीठ आणि साखर चमच्याने मोजून, कारण चव लागत नाही म्हणून हात सैल पडतो, आणि रक्तदाब-मधुमेह असलेल्यांना ते महागात जातं.

मावशींकडे

चौथ्या महिन्यात, पॅरोस्मिया ऐन भरात असताना, मी मावशींच्या खानावळीत गेले. सांगितलं, "मावशी, तेव्हा मी तुम्हाला नीट सांगितलं नाही. आठवड्याभरात येणारं ते दुखणं नव्हतंच." त्या हसल्या. "मॅडम, मला वाटलं माझ्याच हाताची चव गेली. नऊ-दहा डबे सुटले माझे. रडले मी. मग सूनबाईला उभी केली चव बघायला, आणि सगळा मसाला वाटीनं मोजून लिहून काढला." वही दाखवली. पांढऱ्या रस्स्यापासून भडंगापर्यंत सगळी मापं. वास त्यांचा बराचसा आपसूक परत आला होता, दीड वर्षाने. अजून भाजलेलं खोबरं नीट कळत नाही म्हणाल्या.

मी त्यांना चार बाटल्या भरून दिल्या. एवढ्या उशिरा फायदा कमी असतो, हे स्पष्ट सांगून. गुलाब बाजूला ठेवून त्यांनी विचारलं, "यात भाजलेलं खोबरं घातलं तर चालेल का?" चालेल. मुख्य चार वास राहू द्यायचे आणि आपल्याला हवा असलेला पाचवा जोडायचा. ताजं भाजायचं, गार होऊ द्यायचं, खवट झालं की टाकायचं. त्यांच्या वहीत आता मापांच्या मागच्या पानावर आकडे आहेत. गेल्या महिन्यात खोबऱ्यापुढे 2 होता.

सर्दी बरी होऊन तीन आठवडे झाले आणि वास आला नसेल, तर डॉक्टरांना सांगा. आणि डॉक्टर माझ्यासारखे घाईत असतील, तर पुन्हा सांगा.